गिरणीत भडका उडाला की स्फोट झाला?

पिठाच्या गिरणीत आग लागली की पहिली बातमी ठरलेली असते, गिरणीत बॉम फुटलो! मग कुणी म्हणतो शॉर्टसर्किट, कुणी म्हणतो सिलिंडर. मालवणच्या पट्ट्यात मी गिरण्यांच्या मोटारी आणि बेअरिंगा दुरुस्त करत फिरतो, म्हणून असल्या जागेवर मला हमखास बोलावतात. तिथे मी आधी एकच गोष्ट पाहतो. हा भडका होता की स्फोट? दोन्हींत जळतं तेच पीठ आणि पेटवणारी ठिणगीही तीच. पण माणसाला होणारी इजा आणि पुढचा धोका फार वेगळा.

हवेत उडालेलं पीठ ढगासारखं पसरलं आणि त्याला विस्तव लागला, तर ज्योत कणाकणातून धावते. तापलेली हवा फुगते. तिला बाहेर पडायला वाट असेल तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत आगीचा लोळ येतो आणि विझतो. हा भडका. वाट नसेल तर तीच फुगलेली हवा भिंतींवर दाब टाकते. हा स्फोट. पूर्ण बंद भांड्यात पिठाच्या ढगाचा दाब वातावरणाच्या सात-आठ पटींपर्यंत चढतो. साध्या विटांच्या भिंतीला कोसळायला एका वातावरणाचा दहावा हिस्साही पुष्कळ होतो.

चतुर्थीला दोन दिवस असतानाची एक गिरण सांगतो. मोदकांच्या पिठीसाठी धुवून वाळवलेले तांदूळ पहाटेपासून दळले जात होते. दुपारी गर्दी ओसरल्यावर गिरणवाल्या काकांनी कामावरच्या पोराला सांगितलं, "जळमटं काढून टाक, उद्या वेळ मिळायचा नाही." पोरगा शिडीवर चढला आणि त्याने केरसुणीने वाशांवरून सरळ ओढ घेतली. वर्षभराचा थर चादरीसारखा खाली आला. खाली गणपतीच्या फोटोपुढे निरांजन तेवत होतं.

काका सांगतात, आवाज 'भस्स' असा झाला, धडाम नव्हे. सगळं पांढरं, मग पिवळं, मग काळोख. मी गेलो तेव्हा भिंती जागच्या जागी होत्या. चार कौलं सरकली होती. शटर उघडंच होतं आणि त्याच्या पट्ट्या सरळ होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, पण कागद शाबूत होता. बाहेरून पाहता पोत्यांची फक्त वर आलेली सुतं करपली होती. हा भडका. स्फोट असता तर शटर बाहेरच्या बाजूला फुगलं असतं आणि दाराचे बोल्ट वाकले असते.

तो भडक्यावर थांबला तो त्या जुन्या बांधणीमुळे. जांभ्याच्या भिंती छपराला पुरत्या भिडलेल्या नव्हत्या, वर मंगलोरी कौलं, कौलांत फटी. लोळाला वाट मिळाली. हल्ली स्लॅबच्या गाळ्यात गिरण टाकतात आणि मसाल्याच्या चक्कीला पार्टिशन घालून दार लावतात. तिथे हाच ढग पेटला तर काय होईल, हे मला सांगवत नाही.

एकाच आगीत दोन्ही प्रकार दिसल्याची नोंद जुनी आहे. 1785 च्या डिसेंबरात इटलीतल्या ट्यूरिन शहरात, जाकोमेल्ली नावाच्या बेकरीवाल्याच्या पिठाच्या कोठारात एक पोरगा फावड्याने पीठ ओढत होता. वरचा ढीग एकदम घसरला, ढग उठला आणि भिंतीवरच्या दिव्याला लागला. दुकानाच्या खिडक्यांच्या चौकटी रस्त्यावर उडाल्या. फावडेवाल्याचा चेहरा आणि हात भाजले. दुसरा माळ्यावर होता, तो आगीला घाबरून खाली उडी मारायला गेला आणि त्याचा पाय मोडला. मोरोत्सो नावाच्या काउंटने हे सगळं लिहून ठेवलं. त्यात आणखी एक गोष्ट त्याने नोंदली की त्या वर्षी तिथे बरेच महिने पाऊस नव्हता, पीठ फार कोरडं होतं.

आपल्याकडे मात्र याबाबत एक समजूत पक्की आहे. कोकणात हवाच ओली, इथे पीठ कसलं पेटतंय? दमटपणाने पिठाचे गोळे होतात आणि ते जरा कमी उडतं, हे खरं. पण पिठात बारा-चौदा टक्के ओल असली तरी ते पेटतंच. शिवाय मोटारीच्या आणि जात्याच्या वरच्या वाशांना दिवसभर खालून गरम हवा लागते, तिथला थर भर श्रावणातही खडखडीत वाळलेला असतो. आमच्या घटनेच्या दिवशी बाहेर धो-धो पाऊस होता.

आता सफाईचा हिशेब. दळताना हवेत जी पांढरट धूसर दिसते, ती पेटण्याइतकी दाट नसते. पीठ पेटायला एका घनमीटर हवेत साधारण 50 ते 125 ग्रॅम लागतं, आणि इतक्या दाट ढगात दोन मीटरवरचा दिवाही धड दिसत नाही. असल्या हवेत माणूस काम करणारच नाही. म्हणजे धोका रोजच्या धुळीत नाही, वाशावर निजलेल्या थरात आहे. पावकिलो पीठ एकदम सुटलं तर दोन घनमीटरांचा ढग होतो, आणि तो पेटल्यावर कितीतरी पटींनी फुगतो. शिडीवरचा माणूस त्यात पुरता बुडतो. थर किती झाला की जास्त? बाहेरच्या देशांत 0.8 मिलिमीटर हा आकडा धरतात, पोस्टकार्ड दोन-तीन एकावर एक ठेवल्याइतका. मी बोट फिरवतो. वाशाचा रंग झाकलेला असेल आणि बोटाची रेघ पडत असेल तर पुरे झालं.

त्या पोराच्या अंगावर काय काय झालं, त्यातून भडका ओळखायला येतो. चेहरा, मान, कोपरापासून खालचे हात भाजले, म्हणजे जेवढं उघडं तेवढंच. भुवया आणि पापण्यांचे केस गेले. पाठ कोरी. खांद्यावर मात्र टेरिकॉटचा शर्ट वितळून कातडीला चिकटला होता, आणि सगळ्यात खोल जखम तीच निघाली. सुती बनियनखालची कातडी नुसती लाल झाली होती. शिडीवरून पडल्याने मनगट मोडलं. स्फोटात कानाचे पडदे फाटतात, फुप्फुसाला धक्का बसतो, माणूस फेकला जातो किंवा भिंतीखाली सापडतो. यातलं त्याला काही नव्हतं.

म्हणून काका म्हणत होते, "चालतोय, बोलतोय, उद्या दाखवू." मी नको म्हटलं, कारण त्याचा आवाज घोगरा झाला होता आणि थुंकीत काजळी येत होती. लोळातला श्वास आत गेला की घसा काही तासांत सुजून बंद होऊ शकतो, वरून माणूस कितीही बरा दिसो. भाजल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडलं, हातातली अंगठी काढली, चिकटलेल्या शर्टाला हात लावला नाही. शेजारच्या आजी हळद आणि तूप घेऊन आल्या होत्या, त्यांना परत पाठवताना वाईटपणा आला. पोराला दवाखान्यात दोन रात्री ठेवलं.

भडका विझल्यावरचा अर्धा तास सगळ्यात वाईट, कारण पहिल्या लोळाच्या धक्क्याने उरलेलं पीठ पुन्हा उडतं. तिथे कुणी झाडू मारला किंवा आग विझवायच्या सिलिंडरचा जोरदार फवारा थेट ढिगावर सोडला, तर दुसरा ढग पहिल्यापेक्षा मोठा होतो. पोत्यांच्या तळाशी पीठ धुमसत राहतं, त्यावर पाणी झारीने शिंपडतात तसं घालावं लागतं. आम्ही आधी मेन स्विच पाडला आणि मग तेच केलं. तिसऱ्या पोत्यातून संध्याकाळपर्यंत धूर येत होता.

आता काकांचं निरांजन बाहेर तुळशीपाशी असतं. वासे दर शनिवारी, मोटार बंद करून, ओल्या फडक्याने पुसतात. केरसुणी वर न्यायची नाही असं ठरलंय, तरी गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा आढ्याच्या मागच्या बाजूला बोटाची रेघ पडलीच.