पाच ताकदी आणि २५ किलोमीटर: मराठवाड्यातल्या साखर धंद्याची पार्श्वभूमी

एखाद्या धंद्यात नफा किती उरतो, हे पाच ताकदींवर ठरतं: आधीपासूनचे प्रतिस्पर्धी, नव्याने उतरणारे, पर्यायी माल, गिऱ्हाईक आणि कच्चा माल देणारे. एका अमेरिकन प्राध्यापकाने १९७९ मध्ये ही मांडणी केली. तिची मुळं आणखी मागे जातात; नव्यांना धंद्यात शिरण्यापासून काय अडवतं, याचा अभ्यास १९५० च्या दशकातच सुरू झाला होता. सरकार ही सहावी ताकद मानायची का, हा वाद पुढे रंगला. मूळ लेखकाने २००८ मध्ये उत्तर दिलं: सरकार वेगळी ताकद नाही, सरकारी निर्णयाने या पाचांपैकी कोणती वाढते आणि कोणती दबते, ते पाहा.

मराठवाड्यात हे पाहायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे दोन कारखान्यांमधलं हवाई अंतर.

१९९८ मध्ये साखर कारखान्याला परवाना लागण्याची अट रद्द झाली आणि नवे कारखाने उभे करणं सोपं झालं. मग २००६ मध्ये केंद्राने दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटर हवाई अंतराची अट कायद्याने पक्की केली. राज्यांना ती वाढवण्याची मुभा होती; महाराष्ट्राने ती २५ वर नेली. २०१२ मध्ये केंद्राच्या एका समितीने ही अटच काढायची शिफारस केली, तरी इथे ती टिकली.

अटीच्या बाजूचा हिशोब खोटा नाही. शेजारी कारखाना २५ किलोमीटरवर असेल, तर निम्मं अंतर म्हणजे साडेबारा किलोमीटर त्रिज्येचा परिसर आपल्या वाट्याला येतो. तो सुमारे ४९,००० हेक्टर. त्यातल्या दहा टक्क्यांवर ऊस आणि हेक्टरी ८० टन धरले, तर जवळपास ३ लाख ९० हजार टन. रोज २,५०० टन गाळणारा कारखाना यावर दीडशे दिवस चालतो. अंतर १५ वर आणलं, तर परिसर १७,७०० हेक्टरांवर येतो आणि त्याच हिशोबाने हंगाम दोन महिन्यांतच आटोपतो. गाळप बंद झालं तरी कर्जाचं व्याज थांबत नाही.

म्हणजे अट नव्यांना अडवते आणि प्रतिस्पर्ध्यांची चढाओढ कमी करते. पण त्याच फटक्यात कच्चा माल देणाऱ्याची ताकद, म्हणजे ऊस देणारा शेतकरी, दुबळी होते, आणि ही गोष्ट नेहमी शेवटी बोलली जाते. ऊस म्हणजे साठवून ठेवता येणारा हरभरा नाही. तोडल्यावर दिवसागणिक वजन आणि साखर दोन्ही घटतात, म्हणून तो लांब नेऊन विकणं परवडत नाही. ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची झोनबंदी उठली, कागदावर शेतकरी कुठेही ऊस घालायला मोकळा झाला. पण जवळ दुसरा काटाच नसेल तर जाणार कुठे?

२०२१-२२ चा हंगाम आठवा. आधीच्या दोन चांगल्या पावसांनी मराठवाड्यात उसाचं क्षेत्र फुगलं होतं. तोडणीची टोळी येईना, उसाला तुरे आले, मे उजाडला तरी फड उभे. शेवटी राज्याला लांबच्या वाहतुकीला आणि घटलेल्या साखर उताऱ्याला अनुदान द्यावं लागलं. त्या वर्षी भाव मागायची कुणाची ऐपत होती? ‘तेवढा घेऊन जा’ म्हणत लोक तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे फिरत होते. दुष्काळाच्या साली चित्र उलटतं: ऊस कमी, कारखाने जास्त, पळवापळवी सुरू होते आणि तोच शेतकरी दोन ठिकाणी भाव विचारतो. अंतर तेच, पाऊस वेगळा.

एफआरपी, म्हणजे केंद्र ठरवतं तो उसाचा किमान दर, यामुळे खालचा भाव बांधलेला आहे आणि पैसे १४ दिवसांत द्यायचा कायदा आहे. पण तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते, आणि तोडीची तारीख कारखान्याच्या हातात राहते. तोड महिनाभर लांबली की वजन शेतकऱ्याच्या उसाचं घटतं. माझ्या मते भावापेक्षा ही तारीखच शेतकऱ्याची खरी ताकद दाखवते.

साखर घेणाऱ्यांची बाजू थोडक्यात सांगता येते. सगळ्यांची साखर सारखीच, त्यामुळे व्यापारी स्वस्त निविदेकडे वळतो. २०१३ पर्यंत रेशनसाठी लेव्ही, म्हणजे साखरेचा ठरावीक हिस्सा, सरकारला स्वस्तात द्यावा लागे. २०१८ मध्ये किमान विक्री दर किलोला २९ रुपये ठरला, २०१९ मध्ये ३१.

पर्यायी मालाची गोष्ट मात्र आपल्याकडे अनपेक्षित वळणाने आली. गिऱ्हाइकाच्या ताटात गूळ साखरेला फारसा हटवू शकला नाही, पण गूळ पावडरचे कारखाने उसाला दुसरा गिऱ्हाईक म्हणून उभे राहिले. २५ किलोमीटरची अट साखर कारखान्यांची असल्याने ते तिच्या बाहेरून आत शिरले. ज्या गावाजवळ असा कारखाना आला, तिथे शेतकऱ्याला तारीख विचारायला दुसरं दार मिळालं. साखर कारखान्यांनी तक्रार केली की यांना नियम नाहीत, आणि एफआरपीपुरती ती रास्तच होती. २०२५ च्या केंद्रीय आदेशाने रोज ५०० टनांवर गाळणारे खांडसरी कारखाने, म्हणजे जुन्या पद्धतीने साखर बनवणारे, नियमांखाली आले. शेतकऱ्याला हमीभावाचं संरक्षण तिथेही मिळणं योग्यच; पण त्याच्या आडून अंतराची अटही गूळ पावडरच्या कारखान्यांवर लादली, तर हे दुसरं दार पुन्हा बंद होईल.