चेतक : बंद पडलेली स्कूटर, टिकून राहिलेलं नाव

चेतकची आजची गिऱ्हाइकं दोन पिढ्यांची आहेत. एका पिढीला ते नाव उच्चारलं की स्कूटर कलती करून मारलेली किक आठवते. दुसरीला ते चार्जिंगला लावायच्या गाडीचं नाव म्हणूनच ठाऊक आहे. या दोघांमध्ये जवळपास 14 वर्षांचं अंतर पडलं. त्या काळात चेतक नावाची नवी गाडी बाजारात मिळतच नव्हती.

जुनी गोष्ट थोडक्यात सांगता येते. इटालियन कंपनीच्या परवान्यावर स्कूटर बनवण्याचा बजाज ऑटोचा करार 1971 मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी आकुर्डीच्या कारखान्यातून तशाच बांधणीची गाडी राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन बाहेर पडली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणं आणि नंबर आला की तो वरचे पैसे घेऊन विकणं, हे सगळ्यांना माहीत आहे. 1989 ची 'हमारा बजाज' ही जाहिरातही माहीत आहे. ती आली तेव्हा स्पर्धा सुरू झालेली होती. गाडी किती पळते हे त्या जाहिरातीत कुठेच नव्हतं, गाडी घरातलीच आहे एवढंच तिचं म्हणणं होतं. घरातली असणं हीच पुढे अडचण झाली. विशीतल्या मुलाला बाबांची गाडी चालवायची असते, पण पहिल्या पगारातून तीच विकत घ्यायची नसते.

नव्वदीच्या दशकात शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक मोटारसायकलींनी बाजार ओढून नेला. एक लिटर पेट्रोलमध्ये त्या स्कूटरच्या कितीतरी पुढे जात आणि पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायची कटकट नसे. धुराचे नियम कडक होत गेले तशी टू-स्ट्रोक चेतक आणखी अवघड झाली. कंपनीने फोर-स्ट्रोक इंजिनं आणली, चेतकलाही बसवली, पण गिअर हातातच राहिले. खरा घाव 2000 नंतर आलेल्या बिनगिअरच्या, बटणावर सुरू होणाऱ्या जपानी स्कूटरने घातला. ती तरुणांसाठीच होती असं नाही. क्लच दाबून डाव्या मुठीत गिअर फिरवायचा कंटाळा आलेले पन्नाशीचे गृहस्थ आणि ज्यांच्या हातात घरची स्कूटर कधी दिलीच गेली नव्हती त्या बायका, दोघांनी ती घेतली. म्हणजे चेतकची जुनी गिऱ्हाइकं काही मोटारसायकलकडे गेली नव्हती. त्यांना स्कूटरच हवी होती, फक्त सोपी. हा मुद्दा पुढच्या वादासाठी महत्त्वाचा आहे.

तरुणांसाठी कंपनीने वेगळी वाट धरली. जुन्या नावाला नवे कपडे चढवण्याऐवजी 2001 मध्ये पल्सर हे कोरं नाव 150 आणि 180 सीसीच्या मोटारसायकलींवर आलं. त्याच सुमाराला 'हमारा बजाज'ची चाल नव्या जाहिरातीत परत वापरली गेली. त्यात मोटारसायकलवरचा मुलगा रस्त्यावरची रांगोळी वाचवून वळण घेतो. थोरल्यांना दुखवायचं नाही आणि धाकट्यांना बोलवायचं, हे इतक्या नेमकेपणाने एखाद्या जाहिरातीत क्वचितच आलं असेल. पण जाहिरातीत जे सांभाळलं गेलं ते दुकानात सांभाळलं गेलं नाही. चेतकचं उत्पादन 2006 च्या सुमारास थांबलं. त्यानंतर आलेली बिनगिअरची स्कूटर कॉलेजच्या मुलींसमोर ठेवली होती. ती चालली नाही आणि जुन्या चेतकवाल्याला तर ती आपली वाटायचा प्रश्नच नव्हता.

डिसेंबर 2009 मध्ये कंपनीने स्कूटर पूर्णपणे सोडत असल्याचं जाहीर केलं. यावर आजही दोन तट आहेत. निर्णय घेणाऱ्या राजीव बजाज यांचं म्हणणं होतं की आपण मोटारसायकलवाले आहोत. एका नावाखाली सगळ्यांना सगळं विकायला गेलं की ते नाव कोणाच्याच मनात ठसत नाही. त्या वेळी देशात विकल्या जाणाऱ्या दर शंभर दुचाकींत स्कूटर पंधराच्या आसपास होत्या, तेव्हा हिशेब चुकीचा वाटत नव्हता. त्यांचे वडील राहुल बजाज तेव्हा अध्यक्ष होते. आपल्याला याचं वाईट वाटलं, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. मात्र निर्णय त्यांनी फिरवला नाही.

पुढच्या सात-आठ वर्षांत स्कूटरचा वाटा तिसाच्या पुढे गेला. त्यामुळे हा निर्णय सरसकट चूक ठरवणारे पुष्कळ आहेत. माझं मत थोडं वेगळं आहे. मोटारसायकलवर जोर देण्यात चूक नव्हती, पल्सरने ते सिद्ध केलं. चूक त्याआधीच्या आठ-नऊ वर्षांतली आहे. तेव्हा चेतकच्या गिऱ्हाइकाला लोखंडी पत्र्याचीच, ऐसपैस सीटची, पण बिनगिअरची गाडी द्यायला हवी होती. ती दिली नाही आणि मग स्कूटर खपत नाही असा निष्कर्ष निघाला. 2009 मध्ये जे बंद झालं ते आधीच रिकामं झालेलं होतं.

तरीही त्या निर्णयाची एक बाजू फारशी बोलली जात नाही. चेतक हे नाव कुठल्याही हलक्या गाडीवर चिकटवून वापरलं गेलं नाही. ते तसंच पडून राहिलं. गाड्या गॅरेजमध्ये दुरुस्त होत राहिल्या, नावाबद्दल कुणाच्या मनात कडवटपणा साठला नाही.

16 ऑक्टोबर 2019 ला तेच नाव विजेवरच्या स्कूटरवर आलं आणि जानेवारी 2020 मध्ये पुणे आणि बंगळुरूत विक्री सुरू झाली. गाडी गोलसर, पत्र्याची, पुढे गोल दिवा. किंमत एक लाखापासून. नोंदणी 2,000 रुपये भरून इंटरनेटवर. आणि पुण्यात ती ठेवली कुठे, तर त्याच कंपनीच्या भागीदारीतल्या, नारिंगी रंगाच्या युरोपीय स्पोर्ट्‌स बाइकच्या दुकानांत. पत्रा आणि नाव थोरल्यांसाठी, दुकान आणि मोबाइल धाकट्यांसाठी, अशी ही विभागणी होती. पण साठीच्या माणसाने त्या दुकानात जाऊन स्कूटरची चौकशी करायची म्हणजे अवघडच. एप्रिल 2021 मध्ये नोंदणी पुन्हा उघडली आणि 48 तासांत बंद करावी लागली. नंबर लावायचे दिवस परत आले असं अनेकांना वाटलं, मात्र या वेळी कारण सरकारी परवाना नव्हता, सुट्या भागांचा पुरवठा होता. जून 2022 पासून विजेवरची चेतक पुन्हा आकुर्डीतून निघू लागली आणि पुढे विक्रीची दुकानंही वाढत गेली.

जुन्या गिऱ्हाइकाच्या तक्रारी साध्या होत्या. जुन्या चेतकला पुढे कप्पा, बाजूला डिकी आणि स्टेपनी होती. दोन्ही चाकं सारखीच, त्यामुळे पंक्चर झालं की रस्त्यातच चाक बदलून माणूस घरी जायचा. नवीत स्टेपनी नव्हती आणि सीटखाली बॅटरी बसवल्याने सामानाला जागा कमी होती. डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या 35 मालिकेत बॅटरी पाय ठेवायच्या फळीखाली नेली आणि सीटखाली 35 लिटरची जागा मोकळी झाली. भाजीची मोठी पिशवी आता त्यात बसते. स्टेपनी मात्र अजूनही नाही.