लय कुणाच्या हातात? कव्वालीच्या चढणीची पार्श्वभूमी

कळव्यात एका मित्राच्या खोलीवजा स्टुडिओत आम्ही कव्वालीच्या ढंगाचं मराठी गाणं बांधत होतो. मिनिटाला 88 ठोक्यांपासून 132 पर्यंत लय संगणकावर एकसारखी चढवली होती. ऐकताना मात्र कुणीतरी मागून ढकलतंय असं वाटे. चूक कळायला कव्वालीत लय मुळात का चढते, इथपर्यंत मागे जावं लागलं.

'कौल' म्हणजे वचन, कव्वाली त्यावरून. परंपरा तिचं नातं निजामुद्दीन औलियांचे शिष्य अमीर खुसरो (1253–1325) यांच्याशी जोडते. दर्ग्यातल्या 'समा'मध्ये, म्हणजे सुफींच्या गाण्याच्या बैठकीत, गाण्याची लांबी ठरलेली नसते. एखाद्या ओळीवर श्रोत्याला 'हाल' आला, म्हणजे त्याचं भान हरपलं, की कव्वाल ती ओळ सोडत नाही. श्रोता भानावर येईपर्यंत तीच घोळवतो आणि त्या घोळवण्यातच ढोलक-टाळी तापत जाते. थोडक्यात, चढण ओळीच्या परतण्याला बांधलेली असते. वारीतला गजर ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढे मिनिटाला 78 फेरे घेणारी ग्रामोफोनची तबकडी आली. तिच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून ही चढण आवळून बसवावी लागली. सिनेमानं तिला मुकाबल्याचा रंग दिला. 1960 च्या 'बरसात की रात'सारख्या चित्रपटांतून ती घरोघरी गेली. आपल्या कानात बसलेली कव्वाली बहुधा हीच, आधीच आखून ठेवलेली. आमची चूकही तिथलीच होती.

मग कानात ठोके देणारा संगणकाचा क्लिक बंद केला आणि ढोलकवाल्याला मुख्य गायकासमोर बसवलं. पठ्ठ्यानं जवळजवळ दोन मिनिटं 88 सोडलंच नाही. नंतर दरवेळी मुखडा परतला की एक पायरी: 96, 110, शेवटी 132. मधल्या अंतऱ्यांत लय किंचित बसायचीही. संगणकातला टेम्पो आम्ही त्याच्या वाजवण्यावरून आखला.

टाळ्या त्यानंतर. आधी एकच टाळी आठ वेळा कॉपी करून किंचित मागेपुढे ठेवली होती. ती नळीतून आल्यासारखी पोकळ वाजली. म्हणून चौघांनी तीनदा खरोखर टाळ्या दिल्या, दरवेळी माइकपासूनचं अंतर बदलून. एका ठोक्याला दोन मात्रा धरल्या, तर केरव्याच्या आठ मात्रांत सुरुवातीला टाळी पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर होती. शेवटच्या टप्प्यात तिसरी आणि सातवी भरली. ठोके तेवढेच, पण कानाला लय दुप्पट झाल्यासारखी वाटते.

मागच्या आवाजांना आधी हार्मनी दिली, तर शाळेची प्रार्थना झाली. मग तिघे एकाच सुरात आणि एक वरच्या सप्तकात, असं ठेवलं. मुख्य गायकाचं शेवटचं अक्षर संपायच्या आत ओळ उचलायची, एवढीच सूचना. त्या एकमेकांवर चढण्यानंच गाण्याला खरी घाई आली.

132 च्या पुढे जाऊन पाहिलं. जोडाक्षरं गिळली जायला लागली, तेव्हा तिथेच थांबलो.