मांडवीत बुडालेला फोन आणि घरपट्टीच्या फाइलीतला कागद

जूनमधल्या एका संध्याकाळी माझ्या मावसभावाचा फोन रायबंदर-चोडण फेरीबोटीवरून मांडवीत पडला. छत्री सावरताना खिशातून निसटला, कठड्यावर आपटला आणि गेला. नितीन चोडणला राहतो, घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतो, आणि त्या खोल्यांचा सगळा कारभार त्या एका फोनवर चालायचा. रात्री त्याने बायकोच्या फोनवरून मला फोन केला. "उद्या पणजीला जाऊन डुप्लिकेट सिम काढतो. नंबर तोच मिळाला की सगळं परत येईल ना रे?"

अर्धं येईल, म्हटलं. एसएमएसने येणारा ओटीपी नंबराच्या मागे चालतो, त्यामुळे सिम मिळालं की तो मिळतो. लॉग-इनसाठी दर अर्ध्या मिनिटाला नवा कोड दाखवणाऱ्या ऑथेंटिकेटर अॅपमधल्या सहा आकडी कोडचं मात्र तसं नाही. त्याला तुमचा नंबर माहीतच नसतो. नितीनच्या जीमेलचा कोड अशाच अॅपवर होता. म्हणजे त्याच्या दृष्टीने जे नदीत गेलं ते सिम नव्हे, एक गुपित होतं.

हे गुपित कसं असतं ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं सोपं होतं. अॅप जोडताना आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात चित्रबित्र काही नसतं, साधी एक ओळ असते:

```
otpauth://totp/Dukan:sample@example.com?secret=JBSWY3DPEHPK3PXP&issuer=Dukan
```

यात `secret=` नंतरची अक्षरं म्हणजे ते गुपित. त्याची एक प्रत सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर राहते, दुसरी तुमच्या फोनमध्ये. यानंतर दोघांत काही बोलणं होत नाही. दोघेही १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते मोजतात, त्याला ३० ने भागतात, येणारी पूर्ण संख्या आणि गुपित एका ठरलेल्या सूत्रात घालतात आणि उत्तरातले सहा आकडे घेतात. गुपित तेच, वेळ तीच, म्हणून आकडेही तेच. २०११ साली आलेल्या आरएफसी ६२३८ या दस्तऐवजात ही रीत लिहिलेली आहे आणि पडताळण्यासाठी उदाहरणंही दिलेली आहेत. `12345678901234567890` हे गुपित धरलं आणि १९७० च्या पहिल्या मिनिटाचा ५९ वा सेकंद घेतला, तर ३० सेकंदांचा एक पूर्ण घास संपलेला असतो, म्हणून भागाकार १ येतो, आणि कोड निघतो `287082`. कुठल्याही देशात, कुठल्याही कंपनीच्या अॅपमध्ये हाच.

म्हणून तर विमानात, नेटवर्क नसतानाही अॅप कोड दाखवतं. आणि म्हणूनच फोन बुडाला की नवं सिम घालून तो कोड परत येत नाही. (फोनचं घड्याळ पुढेमागे झालं तरी कोड चुकतो, तेव्हा फोन हातात असूनही कोड लागेना झाले तर आधी सेटिंगमध्ये वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू आहे का ते बघावं.)

नितीनकडे दुसरी वाट होती, पण त्याच्या ध्यानात नव्हती. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या जीमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं कुलूप, लावून दिलं, तेव्हा फोन नसताना चालणारे बॅकअप कोड छापून घरपट्टीच्या पावत्यांच्या फाइलीत ठेवले होते. गुगल असे १० कोड देतं, प्रत्येकी आठ आकड्यांचे. त्यांचा वेळेशी संबंध नाही, फोनशी नाही, वरच्या सूत्राशीही नाही. ते निव्वळ स्वैर निवडलेले आकडे असतात, आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. आठ आकड्यांत दहा कोटी संख्या बसतात, त्यांतल्या दहा खऱ्या. म्हणजे अंदाजाने ठोकून एका प्रयत्नात कोड लागण्याची शक्यता कोटीत एक. प्रयत्न थोडेच मिळत असल्यामुळे एवढं पुरतं.

बायकोच्या फोनवर त्याने पासवर्ड घातला. पडद्यावर अॅपमधला कोड मागणारं पान आलं. तिथे तळाशी `Try another way` असतं. ते दाबल्यावर आलेल्या यादीतून आठ आकडी बॅकअप कोडची ओळ निवडायची. कागदावरच्या पहिल्या तीन कोडवर पेनाने रेघ मारलेली होती, म्हणून वहिनीने चौथा वाचला. चुकीचा. पुन्हा सावकाश वाचला, तरी चुकीचा. नितीनचा आवाज बदलला. मी म्हटलं, पाचवा घाल. तो चालला.

चौथा कधीतरी वापरला होता आणि रेघ मारायची राहिली होती, एवढंच. पासवर्ड बरोबर असून एखादा कोड नाकारला गेला तर बहुधा हेच कारण असतं. पण एकामागून एक सगळेच नाकारले गेले तर गोष्ट वेगळी: मध्ये कधीतरी कोडचा नवा संच काढलेला असतो, आणि नवा संच निघाला की जुना त्याच क्षणी रद्द होतो. घरात दोन कागद सापडले तर कोणता खरा हे कळायला कागदावर तारीख हवी. नितीनच्या कागदावर ती नव्हती, माझीच चूक.

आत शिरल्यावर आधी सुरक्षेच्या पानावर जाऊन बुडालेला फोन यादीतून साइन-आउट केला. मग ऑथेंटिकेटर बदलण्याचा पर्याय घेऊन, तात्पुरता वहिनीच्या फोनवर नवा क्यूआर स्कॅन केला. यात नवं गुपित तयार होतं आणि जुनं बाद होतं, त्यामुळे उद्या कुणा कोळ्याच्या जाळ्यात तो फोन लागला आणि चालू झाला तरी त्यातले आकडे निरुपयोगी. फोन हरवला किंवा चोरीला गेला असता तर पोलिसात तक्रार देऊन संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करायचंही काम होतं.

बुकिंगच्या साइटचं खातं एसएमएसवर होतं. ते सोपं, असं नितीनला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सिम सुरू झालं, फोन लागायला लागले, पण ओटीपी काही येईना. त्याने दुकानात जाऊन भांडणही केलं म्हणे. दोष दुकानदाराचा नव्हता. कुणी भामटा तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढून बँकेचे ओटीपी लाटू नये, म्हणून आपल्याकडे सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे. तिसऱ्या दिवशी ओटीपी आला. तोवर एका पाहुण्याचं बुकिंग उत्तराविना रद्द झालं होतं.

खरं अडलं ते तिसऱ्या खात्यावर, जिथे त्याच्या वेबसाइटचं नाव नोंदलेलं होतं. तिथेही अॅपचा कोड होता, आणि तिथले रिकव्हरी कोड नितीनने नीट जपून ठेवले होते: त्यांचा स्क्रीनशॉट काढून, त्याच फोनच्या गॅलरीत. त्याने त्या कंपनीला मेल केला की माझे कोड मला पुन्हा पाठवा. त्यांनी नकार दिल्यावर तो चिडला, पण तसं न पाठवण्यामागे कारण असतं. अनेक सेवा कोड जसेच्या तसे ठेवतच नाहीत. ते एकदा पडद्यावर दाखवले की त्यांचा फक्त हॅश ठेवला जातो, म्हणजे कोडवरून काढलेली अशी खूण, जिच्यावरून मूळ कोड उलगडता येत नाही. तुम्ही कोड टाकला की त्याची खूण काढून जुळते का ते पाहतात. सर्व्हर चोरीला गेला तरी कोड फुटू नयेत म्हणून ही रीत आहे. ओळखपत्रं, जुन्या बिलांच्या पावत्या, मेलची ये-जा, असं करत त्या खात्याला नऊ दिवस लागले.

आता कुणी म्हणेल, अॅपचा बॅकअप क्लाउडवर ठेवला की झालं. गुगल ऑथेंटिकेटरमध्ये एप्रिल २०२३ पासून ही सोय आहे, आणि मी ती वापरतो. पण नितीनच्या बाबतीत ती चालू असती तरी पहिल्या रात्री उपयोग शून्य होता, कारण गुपितं गुगल खात्यात आणि गुगल खात्याचं कुलूप त्याच गुपितांवर. तिजोरीची किल्ली तिजोरीत. निदान एका खात्याची वाट या गोलाबाहेर असावी लागते, आणि माझ्या मते ते खातं मेलचं. बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलायचे दुवे शेवटी मेलवरच येतात. ज्यांचं काम मोठं आहे त्यांनी कोडऐवजी चालणाऱ्या, यूएसबीला लागणाऱ्या दोन सिक्युरिटी की घ्याव्यात, एक खिशात आणि एक घरी. नितीनला मी तो खर्च सांगितला नाही.

कागदाबद्दल आमच्या हवेत एक वेगळी अडचण असते. इंकजेट प्रिंटरची शाई ओल धरली की पसरते, आणि पावसाळ्यात कपाटातल्या कागदावर बुरशी येते हे गोव्यात कुणाला सांगायला नको. पेन्सिलीने लिहिलेलं मात्र ओलीने पुसत नाही. या वेळी नितीनने नव्या संचातले दहाही कोड पेन्सिलीने लिहिले, वर तारीख घातली, कागद प्लास्टिकच्या पाकिटात घातला. कागदावर खात्याचं नाव नाही आणि पासवर्ड तर नाहीच. नुसता कागद कुणाच्या हाती लागला तर त्याला ते निव्वळ आकड्यांचे ढीग. दुसरी प्रत फोंड्याला बहिणीकडे गेली.

चतुर्थीच्या ऑफरमध्ये त्याने स्वतःचा नवा फोन घेतला, वहिनीचा जुना फोन त्याच्या बदल्यात द्यायचं ठरलं. त्या फोनवर आता ऑथेंटिकेटर होता, म्हणून दुकानात जाण्याआधी तो माझ्याकडे आला. जुन्या फोनवर `Transfer accounts`, मग `Export accounts`. नव्यावर `Import accounts` आणि जुन्याच्या पडद्यावरचा क्यूआर स्कॅन. झालं की नाही हे ओळखायची माझी खूण सोपी आहे: दोन्ही फोन शेजारी ठेवायचे. एकाच खात्यापुढे एकाच क्षणी दोन्हीकडे तेच सहा आकडे दिसले तर गुपित पोचलं. वेगळे दिसले तर जुन्याला हात लावायचा नाही. आणि दिसले तरी जुन्यातली प्रत आपोआप जात नाही, म्हणून खात्यात नव्या फोनच्या कोडने एकदा प्रत्यक्ष लॉग-इन करून पाहिल्यावरच जुना फोन पुसायचा, मगच दुकानदाराच्या हाती द्यायचा.

दोन्ही पडदे टेबलावर बाजूबाजूला पडले होते. आकडे बदलायची वेळ झाली, दोन्हीकडचं वर्तुळ एकदमच संपलं, दोन्हीकडे ४ ने सुरू होणारा तोच कोड आला. नितीनने खिशातून जुना, रेघा मारलेला, कडेला बुरशी धरलेला छापील कागद काढला. "मग याचं काय करू?" नवा संच काढलेला होता, त्यावरचा एकही कोड आता चालणार नव्हता. "चुलीत घाल," म्हटलं. त्याने घडी घालून तो पुन्हा खिशात ठेवला.