मागवणारा, उतरवून घेणारा, ठेवणारा आणि लिहिणारा वेगळा हवा
कृषी केंद्र चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. आमच्या कार्यालयात ज्यांचे हिशेब लिहिले जातात त्यांत सर्वात जास्त दुकाने खते, बियाणे आणि औषधांची आहेत. मृगाच्या आधी हे पत्रक देण्याचे कारण मागच्या हंगामातले एक प्रकरण आहे. गाव आणि दुकान सांगत नाही, पण जे घडले ते आपल्यापैकी अनेकांच्या गोदामात घडू शकते.

त्या दुकानात एक दिवाणजी अकरा वर्षांपासून होते. डीलरला फोन करून माल तेच मागवायचे. टेम्पो आला की हमालांकडून माल उतरवून तेच घ्यायचे. गोदामाची किल्ली त्यांच्याच कमरेला असायची आणि रात्री संगणकावर खरेदीची नोंदही तेच करायचे. मालक गल्ल्यावर बसायचे आणि बिलाची रक्कम पाहून चेक द्यायचे. रक्कम नेहमी बरोबर असायची.

सप्टेंबरमध्ये दिवाणजींना डेंग्यू झाला आणि ते नऊ दिवस घरी राहिले. त्याच आठवड्यात बोंडअळीच्या एका औषधाच्या 30 पेट्यांची ऑर्डर आली. माल मालकाच्या मुलाने उतरवला आणि मोजला, तर 33 पेट्या भरल्या. त्याला वाटले डीलरने चुकून जास्त पाठवल्या. बिल नीट पाहिले तेव्हा मोफत मालाच्या रकान्यात 3 लिहिलेले होते. दहा पेट्यांवर एक मोफत अशी कंपनीची स्कीम जूनपासूनच सुरू होती. मग त्याने त्याच औषधाच्या मागच्या नोंदी काढल्या. जूनमध्ये 20 पेट्या, जुलैमध्ये 20, ऑगस्टमध्ये 10. नोंदीत एकदाही 22 किंवा 11 नव्हते. तीन खेपांत मिळून 5 पेट्या, म्हणजे 50 बाटल्या दुकानात आल्या, पण वहीत आल्याच नाहीत. खरेदीचा भाव 640 रुपये धरला तर हे 32,000 रुपये होतात, आणि तेही एकाच औषधाचे.

ही चोरी का दिसत नाही ते समजून घ्या. मोफत पेटीचे पैसे द्यायचे नसतात, म्हणून डीलरचे खाते जुळते. ती वहीत चढलेलीच नसते, म्हणून वर्षअखेरच्या मोजणीत घट येत नाही. ऑर्डरच्या वेळी स्कीम काय ठरली हे मागवणाऱ्यालाच माहीत असते. तोच माणूस माल उतरवून घेणारा आणि लिहिणारा असेल, तर त्या पेटीबद्दल विचारणारा दुसरा कोणी उरत नाही.

त्याच दुकानात दुसरी वाटही सापडली. वर्षभरात 41 बाटल्या फुटल्याची नोंद होती, आणि ती सगळी वर्षअखेरच्या मोजणीच्या आदल्या रात्री एकदम केलेली. औषधाची एक बाटली फुटली तरी दोन दिवस गोदामातला वास मरत नाही, हे आपल्याला सांगायला नको. एक्केचाळीस बाटल्या फुटल्या आणि काउंटरवरच्या पोराला एकदाही वास आला नाही, हे कसे? टॅली वापरत असाल तर त्यात `Physical Stock` नावाचे एक व्हाउचर आहे. त्यात मोजलेला आकडा टाकला की वहीतला साठा तेवढाच होतो आणि मधली घट का आली हे कोणी विचारत नाही. चांगल्या कामासाठी दिलेली ती सोय आहे, पण किल्ली आणि वही एकाच हातात असेल तर घट पुसायला तीच वापरली जाते.

दिवाणजींनीच माल नेला असे आम्ही आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. सगळ्या कागदांवर एकाचीच सही असल्याने चोरी कुठली आणि विसरभोळेपणा कुठला हे वेगळे काढता येईना. त्याआधी दोन महिने मालक मात्र एका हमालावर संशय घेत होते. तो बिचारा पोळ्यानंतर काम सोडून गेला. याचे आम्हाला फार वाईट वाटते.

चार कामे कशी वाटायची

मोठ्या कंपनीत यासाठी चार विभाग असतात. आपल्याकडे मालक, काउंटरवर एक जण, गोदामात एक जण आणि घरचे कोणीतरी एवढीच माणसे असतात. तेवढ्यांत भागते.

माल मालकाने स्वतः मागवावा आणि फोनवर बोलणे झाले तरी ऑर्डर नकलेच्या वहीत लिहावी. औषध, पेट्या, भाव आणि स्कीम, चारही गोष्टी. स्कीम लिहिणे सर्वात महत्त्वाचे, कारण पुढे ताडून पाहायला तेवढाच पुरावा असतो.

माल उतरवून घ्यायचे काम काउंटरवरच्या माणसाकडे द्या, पण त्याला बिल दाखवू नका. हे पुष्कळांना विचित्र वाटते. बिलावर 20 दिसले की माणूस 20 मोजतो. बारा-तेरा पेट्यांनंतर तो मोजत नाही, मान हलवतो. म्हणून टेम्पोवाल्याकडचे बिल सरळ गल्ल्यावर घ्यावे आणि उतरवणाऱ्याच्या हातात फक्त आवक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर औषधांची नावे असतात, आकड्याची जागा कोरी असते. त्याने मोजून आकडा लिहायचा आणि पेटीवरचा बॅच नंबर व मुदतीची तारीखही लिहायची. बॅच नंबर लिहिलेला असला की पुढे दुसऱ्या गावात संशयाचा माल विकला जाताना दिसला तर तो आपल्याकडे आलेल्या बॅचचा आहे का हे पाहता येते.

रात्री नऊला टेम्पो आला, लाइन गेलेली आहे आणि ड्रायव्हर घाई करतोय, असे होणारच. तेव्हा फक्त पेट्या मोजा, चिठ्ठीवर ‘पेट्या मोजल्या, उघडल्या नाहीत’ असे लिहून ड्रायव्हरची सही घ्या आणि सकाळी दोघांनी मिळून उघडा.

गोदाम तिसऱ्याकडे. माल आत घेताना त्याने त्याच आवक चिठ्ठीवर ‘एवढा मिळाला’ म्हणून सही करायची. उतरवणारा आणि ठेवणारा एकच असेल तर पुढे कमी भरलेल्या मालाला ‘आलाच कमी होता’ हे उत्तर तयार असते. दोन सह्या झाल्या की घट दाराच्या बाहेरची की आतली हे लगेच कळते.

नोंद करणारा माणूस मालाला हात लावणारा नसावा. आमच्या बऱ्याच ग्राहकांकडे घरच्या वहिनी हे काम उत्तम करतात. काहींची नोंद आमच्याकडे होते. नोंद करताना तीन कागद समोर हवेत: ऑर्डरची नक्कल, आवक चिठ्ठी आणि डीलरचे बिल. तिन्ही जुळले तरच नोंद, आणि त्यानंतरच चेक. टॅलीमध्ये प्रत्यक्ष आलेला माल आणि बिलात लावलेला माल यांचे वेगळे रकाने चालू करता येतात, `Actual` आणि `Billed`. ते चालू करा. 33 आणि 30 शेजारी शेजारी लिहिता आले की मोफत पेटी साठ्यात चढते.

त्याच दुकानात ऑक्टोबरपासून ही पद्धत सुरू झाली. पहिल्याच महिन्यात एका तणनाशकाच्या 15 पेट्या आणि 1 मोफत आली. बिलाप्रमाणे 160 बाटल्या, आवक चिठ्ठीवर 159. एका पेटीत दहाच्या जागी नऊच निघाल्या, चिकटपट्टी मात्र शाबूत होती. त्याच दिवशी डीलरला फोटो पाठवला आणि त्याने एका बाटलीची क्रेडिट नोट दिली. इथे कोणी चोर नव्हता. आधीच्या वर्षांत अशा बाटल्या कुठे जिरल्या हे कोणालाच सांगता येत नाही.

फुटलेला आणि मुदत संपलेला माल

फुटलेल्या बाटलीचे झाकण आणि लेबल मालकाने पाहीपर्यंत फेकू नये. हातमोजे घालून, माती टाकून सांडलेले उचलावे आणि बाटली वेगळी ठेवावी. त्याच दिवशी चिठ्ठी लिहावी. मुदत संपलेली औषधे पाटी लावून वेगळी ठेवायची असतातच, त्यामुळे ती मोजणे सोपे आहे. साठा कमी करणारी कोणतीही नोंद, मग ती `Physical Stock` असो की `Stock Journal`, फक्त मालकाच्या पासवर्डने व्हावी.

मोजणी

वर्षअखेरची मोजणी सगळ्यांना आधीच माहीत असते, म्हणून तिच्यावर विसंबू नका. आठवड्यातून एकदा, वार न ठरवता, दहा औषधे मोजा. पाच वहीतून निवडा आणि गोदामात शोधा. पाच गोदामातून निवडा आणि वहीत शोधा. पहिल्या पाचांत गेलेला माल कळतो. दुसऱ्या पाचांत वहीत न चढलेला, बाहेर जायची वाट पाहणारा माल कळतो. साठा जास्त भरला की मालक खूश होतात. तसे होऊ नका, जास्त भरलेली पेटीही विचारून घ्या. मोजणाऱ्याच्या हातात वहीतला आकडा द्यायचा नाही, हे इथेही लागू.

औषधांवरच एवढा भर का, असे विचाराल. युरिया, डीएपीची विक्री पॉस मशीनवर कास्तकाराच्या आधारने होते. त्या मशीनमधला साठा दुकानाबाहेरची एक वही आहे आणि ती आपल्या नोकराला बदलता येत नाही. मशीन आणि गोदाम महिन्यातून एकदा जुळवले तरी खतांचे बरेच काम होते. शिवाय 45 किलोचे युरियाचे पोते कोणाच्या नजरेतून निसटत नाही. हजाराची बाटली पिशवीत जाते.

दुकानात दोघेच असाल तर

मालक आणि एक नोकर एवढेच असाल तर मागवणे आणि लिहिणे मालकाकडे, उतरवणे आणि ठेवणे नोकराकडे. मोजणी मालकाने करायची, ती चुकवायची नाही. मालाला हात लावणाऱ्याने वहीला हात लावायचा नाही, एवढे पाळले तरी पहिली आणि दुसरी वाट दोन्ही बंद होतात.

ही पद्धत काय करू शकत नाही तेही सांगतो. उतरवणारा आणि गोदामवाला एक झाले तर दोन सह्यांचा उपयोग नाही. म्हणून वर्षातून एकदा तरी कामे अदलाबदल करा आणि प्रत्येकाला सलग आठ दिवस सुट्टीवर पाठवा, दिवाणजींनाही. हंगामात कधीच सुट्टी न घेणारा माणूस कष्टाळू असेल, पण त्याच्या जागी दुसरा बसल्याशिवाय त्याच्या कामाची तपासणी होत नाही. काउंटरवर बिल न करता विकलेला माल आणि उधारीच्या वहीतले घोटाळे यात येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी काळजी लागते.

नोकराशी बोलताना ‘तुझ्यावर संशय आहे’ असे कळू देऊ नका, कारण ते खरेही नसते. दोन सह्यांमुळे उद्या घट आली तर तुझ्याकडे बोट दाखवता येणार नाही, असे त्याला सांगा. त्या हमालाकडे अशी एक चिठ्ठी असती तर त्याला काम सोडावे लागले नसते.

कोऱ्या आकड्यांच्या आवक चिठ्ठ्यांची, नकलेसह, छापील पुस्तके कार्यालयात ठेवली आहेत. जूनचा पहिला टेम्पो येण्याआधी घेऊन जा. पहिल्या दोन खेपांचे तिन्ही कागद आमच्याकडे आणले तर जुळवणी आपल्यासोबत बसून करून देऊ.