निर्यातीच्या लाकडी वेष्टनांची उष्णता-प्रक्रिया व शिक्का

परदेशी जाणाऱ्या मालाखालचे पॅलेट, मालाभोवतीचे क्रेट व पेट्या आणि कंटेनरमध्ये माल सरकू नये म्हणून ठोकलेले टेकू यांचे लाकूड गाभ्यापर्यंत तापवून त्यातील कीड मारणे, आणि तसे केल्याची ठरावीक खूण त्यावर उमटवणे, ही निर्यात व्यापारातील बंधनकारक पद्धत आहे. तिचे नियम अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखालील आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराने २००२ साली स्वीकारलेल्या पंधराव्या मानकात दिलेले असून व्यापारात ते 'आयएसपीएम १५' या नावाने ओळखले जाते. २००९ साली त्यात मोठी सुधारणा झाली. नियम लागू होतो तो चिरलेल्या कच्च्या लाकडाला. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड यांसारखे डिंक, उष्णता व दाब वापरून तयार केलेले फलक, तसेच ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड यातून वगळले आहे, कारण त्यात कीड जिवंत राहण्याची शक्यता फार कमी असते.

हा नियम मालासाठी नसून झाडांसाठी आहे. लाकूड पोखरणाऱ्या लांब शिंगांच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या खोडाच्या आत एक-दोन वर्षे, कधी त्याहून जास्त काळ वाढत राहतात. झाड तोडले, ओंडका चिरला, फळ्यांचे पॅलेट झाले तरी जाड तुकड्यातील अळीला काही होत नाही, आणि पुढे दुसऱ्या खंडातील एखाद्या गोदामात तिचा भुंगा होऊन तो बाहेर पडतो. चीन व कोरियाकडील असा एक भुंगेरा १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील मॅपलच्या झाडांत सापडला आणि १९९८ साली शिकागोतही आढळला. तो लाकडी वेष्टनांतून आला असावा, असा निष्कर्ष निघाला आणि अमेरिकेने १९९८ च्या अखेरीस चीनहून येणाऱ्या कच्च्या लाकडाच्या वेष्टनांवर प्रक्रियेची सक्ती केली. बाधित झाड तोडून त्याचा भुगा करणे हाच त्यावरचा मुख्य उपाय असल्याने शहरांतील हजारो झाडे गेली. चीड वर्गातील झाडे वाळवून टाकणारा सूत्रकृमीही असाच भुंगेऱ्यांच्या अंगावरून झाडाझाडांत जातो. तो युरोपात प्रथम पोर्तुगालमध्ये १९९९ साली आढळला. एकेका देशाने आपापले नियम करण्याऐवजी सर्वांना चालेल असे एकच मानक असावे, ही गरज या घटनांतून पुढे आली.

मानकाची मुख्य अट एका वाक्यात मावते: लाकडाच्या संपूर्ण जाडीत, गाभ्यासह, किमान ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राहिले पाहिजे. हे आकडे मुख्यतः चीडच्या सूत्रकृमीवरील प्रयोगांतून आले आहेत. यातील 'गाभा' आणि 'सलग' हे दोन शब्द पाळणे सर्वांत कठीण असते.

भट्टीतील हवा ७० अंशांवर गेली म्हणजे लाकूड तापले असे होत नाही. लाकूड उष्णतेचे मंद वाहक आहे, आणि उष्णता मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या प्रमाणात नव्हे, तर साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ सुमारे चौपट लागतो. म्हणून २० मिलिमीटरची फळी आणि तिच्याच पॅलेटखालचा १०० मिलिमीटरचा ठोकळा एकाच वेळी भट्टीत गेले, तर फळी कधीच तापून होते आणि ठोकळ्याचा गाभा मात्र कोमटच असतो. पॅलेटचा निकाल त्या ठोकळ्यावर लागतो.

ओल्या लाकडात आणखी एक अडचण येते. नुकत्याच चिरलेल्या लाकडाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत असताना तो पृष्ठभाग थंड होत राहतो, आणि भट्टीतील हवा कोरडी असेल तर तो हवेच्या तापमानापर्यंत न चढता ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापकाच्या पाऱ्याजवळच अडकून पडतो. हे ओले तापमान ५६ अंशांच्या खाली असेल, तर लाकूड बरेचसे वाळेपर्यंत गाभा ५६ गाठू शकत नाही, मग हवा कितीही गरम असो. यावर उपाय म्हणजे भट्टीत वाफ किंवा पाण्याचे तुषार सोडून सुरुवातीला हवा दमट ठेवणे. आच वाढवून वेळ वाचवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांना इंधन अधिक लागते, फळ्या तडकतात आणि गाभा तरीही मागेच राहतो.

तापमान मोजण्यासाठी प्रोब, म्हणजे तारेच्या टोकाशी असलेले संवेदक, लाकडातच खुपसतात. खेपेतील सर्वांत जाड तुकडा निवडून त्याच्या मध्यापर्यंत बारीक भोक पाडायचे, प्रोब आत घालायचा आणि भोकाचे तोंड नीट बुजवायचे, नाहीतर भोकातून शिरलेली गरम हवा खोटे तापमान दाखवते. प्रोब ठेवायचा तो भट्टीतील सर्वांत थंड जागी. पंख्यांची हवा थप्पीतून फिरून परत येते ती बाजू बहुधा अशी असते. थप्पीत हवा खेळण्यासाठी थरांमध्ये पट्ट्या टाकून फट ठेवतात. नोंदणी यंत्र ठरावीक अंतराने प्रत्येक प्रोबचे तापमान नोंदवते आणि तो आलेख पुढे पुरावा म्हणून जपला जातो.

समजा, कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीचे पंपांचे कास्टिंग अमेरिकेला जायचे आहे आणि त्यासाठी १०० मिलिमीटर जाडीच्या तळठोकळ्यांचे क्रेट भट्टीत आहेत. सर्व प्रोब ११ वाजून ४० मिनिटांनी ५६ अंशांवर गेले. १२ वाजून ५ मिनिटांनी बॉयलरचा दाब पडला आणि एका ठोकळ्याचे तापमान ५५.४ वर उतरले. ते १२ वाजून २० मिनिटांनी पुन्हा ५६ झाले. आधीची २५ मिनिटे येथे जमा धरता येत नाहीत. मोजणी १२.२० पासून नव्याने सुरू होते आणि खेप १२.५० ला पूर्ण होते. आलेख वाचणाऱ्याने प्रोबची सरासरी न पाहता सर्वांत मागे असलेला एक प्रोब पाहावा लागतो.

प्रक्रियेनंतर लाकडावर शिक्का बसतो. त्यात डावीकडे गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, आणि उभ्या रेषेपलीकडे देशाचा दोन अक्षरी संकेत, प्रक्रिया किंवा उत्पादन करणाऱ्याला मिळालेला क्रमांक व प्रक्रियेचा संकेत असतो. भारतात देशाचा संकेत 'आयएन' आणि उष्णतेचा 'एचटी' आहे. मिथाइल ब्रोमाइड वायूच्या धुरीसाठी 'एमबी' लिहितात. हे सगळे चौकटीत असावे, वाचता यावे, पुसले जाऊ नये, हाताने काढलेले नसावे आणि शक्यतो वेष्टनाच्या किमान दोन समोरासमोरच्या बाजूंवर दिसावे. लाल व नारंगी रंग टाळतात, कारण ते धोकादायक मालाच्या खुणांसाठी वापरले जातात. भारतात हा शिक्का कुणालाही मारता येत नाही. फरीदाबाद येथील वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाने तपासून मान्यता दिलेल्या केंद्रालाच तो अधिकार असतो. वेष्टनासाठी वेगळे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागत नाही, कारण शिक्का हेच प्रमाणपत्र मानले जाते. यामुळे सोय होते, पण शिक्का नसलेल्या लाकडाबाबत बचावाला जागा उरत नाही.

वरच्या फाउंड्रीचे उदाहरण पुढे नेऊ. क्रेट नीट तापवलेले आहेत, त्यांच्यावर 'एचटी'चे शिक्के आहेत. न्हावाशेव्याजवळच्या कंटेनर यार्डात माल भरताना दोन क्रेटमध्ये फट राहिली आणि कामगारांनी तिथेच पडलेल्या जंगली लाकडाचे दोन ओंडके टेकू म्हणून ठोकले. त्यांवर शिक्का नाही आणि एकावर साल आहे. मानकाच्या दृष्टीने हे टेकूही वेष्टनच आहेत. अमेरिकेच्या बंदरात सीमाशुल्क खात्याच्या तपासणीत ओंडके दिसले की ते कधी तापवले होते की नव्हते, हा प्रश्न गौण ठरतो. शिक्का नसणे हाच भंग. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे अशा लाकडावर बंदरात प्रक्रिया करून ते स्वीकारण्याची मुभा नसते, ते देशाबाहेर परत पाठवावे लागते. माल वेगळा काढू देणे हे अधिकाऱ्यांच्या संमतीवर अवलंबून असते. संमती न मिळाल्यास कास्टिंगसह कंटेनरच माघारी फिरतो. त्याचे भाडे, बंदरातील थांबण्याचे शुल्क आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून पहिल्याच भंगालाही लागू शकणारा दंड हे सारे अंगावर येते. ऑस्ट्रेलियासारखे काही देश प्रक्रिया, नाश किंवा परत पाठवणे असे पर्याय देतात. संपूर्ण कंटेनरला धुरी दिल्याचे कागदी प्रमाणपत्र हाती असले, तरी लाकडावर शिक्का नसल्यास ते उपयोगी पडत नाही, आणि आपल्याकडच्या निर्यातदारांची फसगत माझ्या मते येथेच सर्वाधिक होते. म्हणूनच टेकूंचे तापवलेले व शिक्क्याचे तुकडे यार्डात आधीच पोचवून ठेवणे आणि दार बंद करण्यापूर्वी आतला फोटो घेणे इष्ट असते.

शिक्का असूनही माल अडू शकतो. लाकडात जिवंत अळी, ताजा भुसा किंवा सालीचे मोठे तुकडे दिसले तर अधिकारी शिक्क्यावर विसंबत नाहीत. उष्णता लाकडात कोणतेही औषध मागे ठेवत नाही. प्रक्रियेनंतर काही किडी पुन्हा त्यात शिरू शकतात, आणि सालीखाली अंडी घालणाऱ्या भुंगेऱ्यांना चिकटून राहिलेली साल हवीच असते. म्हणून साल काढणे ही उष्णतेइतकीच सक्तीची अट आहे. राहिलेला तुकडा ३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर लांबी कितीही चालते. त्याहून रुंद असेल तर त्याचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी असावे लागते. बुरशीचे मात्र वेगळे आहे: ५६ अंशांत काही बुरशी तग धरतात आणि बंद कंटेनरमधील दमट हवेत ओल्या फळ्यांवर पांढरट-हिरवट थर चढतो. तो मानकाचा भंग नसला तरी ग्राहक तक्रार करतो, त्यामुळे तापवण्याबरोबर लाकूड वाळवणेही फायद्याचे ठरते.

वापरलेल्या पॅलेटच्या दुरुस्तीचे नियम तितकेच काटेकोर आहेत. सुमारे एक तृतीयांशापर्यंत तुकडे बदलले, तर बदललेले तुकडे प्रक्रिया केलेले व स्वतंत्रपणे शिक्का असलेले हवेत, किंवा प्लायवूडसारख्या फलकांचे हवेत. त्याहून अधिक बदलल्यास जुने सर्व शिक्के खोडून किंवा घासून काढावे लागतात आणि पॅलेट पुन्हा तापवून नवा शिक्का घ्यावा लागतो. कच्च्या फळ्या ठोकून जुना शिक्का तसाच ठेवला तर तो त्या फळ्यांविषयी खोटी ग्वाही देतो आणि उघडकीस आल्यावर ज्या केंद्राचा क्रमांक त्यावर असतो त्याच्याकडेच विचारणा होते.