नोकरीचा इसार

जळगाव-धुळ्याकडे पोरगं किंवा पोरगी पदवी घेऊन घरी आली की दोन सल्ले हमखास कानावर पडतात. एक म्हणतो, "मिळेल ती नोकरी धर, एक ना धड भाराभर चिंध्या नको." दुसरा म्हणतो, "आत्ताच कशाला अडकतेस, अजून सगळं आयुष्य पडलंय." सल्ला देणाऱ्यांची माया खरी असते, पण मोकळं राहायला खर्च किती येतो आणि त्या बदल्यात हाती काय येतं, याचा हिशेब दोघंही मांडत नाहीत. तो मांडता येतो. त्याला पर्याय-मूल्य म्हणतात, आणि त्याची कल्पना आपल्याकडे शेताचा सौदा केलेल्या प्रत्येकाला आहे.

समजा 20 लाखांच्या तुकड्यावर 50 हजार इसार दिला. खरेदीखताला तीन महिने आहेत. तेवढ्यात सातबारावर बोजा आहे का, विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, रस्ता वहिवाटीचा आहे का, हे बघून घ्यायचं. जमलं नाही तर 50 हजार बुडतात, पण साडेएकोणीस लाख वाचतात. म्हणजे त्या 50 हजारांत जमीन नव्हे, तर माहिती कळल्यावर "नको" म्हणायची सोय विकत घेतलेली असते. हा व्यवहार फार जुना आहे. थेलीस या ग्रीक तत्त्ववेत्त्याने हिवाळ्यातच थोडी रक्कम देऊन ऑलिव्हचे घाणे बांधून ठेवले आणि पीक भरघोस आल्यावर ते चढ्या भाड्याने दिले, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय. शेअर बाजारातल्या अशा हक्काची किंमत काढायचं प्रसिद्ध सूत्र 1973 मध्ये आलं. पुढे मुंबईत जन्मलेले अविनाश दीक्षित आणि रॉबर्ट पिंडाइक यांनी, एकदा घेतला की सहज फिरवता येत नाही अशा निर्णयांना हाच विचार सविस्तर लावून दाखवला.

आता नोकरीकडे येऊ. चोपड्याची बावीस वर्षांची एक मुलगी धरू, बीएस्सी झालेली. तिच्यापुढे दोन वाटा आहेत. पतसंस्थेतली नोकरी महिना 20,000 रुपयांची, ठरलेली. दुसरी वाट केळीच्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळेची, सुरुवात 12,000 वर. तिथे वर्षभरात कळेल की हात बसतोय की नाही. बसला तर पगार 36,000, नाही बसला तर 12,000 वरच अडकणार. हात बसण्याची शक्यता 30 टक्के धरू. हिशेब सोपा राहावा म्हणून पगारवाढ आणि व्याज बाजूला ठेवू आणि दहा वर्षं बघू. आकडे मानलेले आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत.

सरसकट सरासरी काढली तर प्रयोगशाळेत दुसऱ्या वर्षापासून महिन्याला 19,200 पडतात. पतसंस्थेपेक्षा 800 कमी. पहिल्या वर्षाची तूट 96,000 आणि पुढच्या नऊ वर्षांची 86,400, म्हणजे एकूण 1,82,400 चं नुकसान. घरचे म्हणतात ते बरोबर दिसतं.

पण या हिशेबात गृहीत असं धरलंय की ती आत शिरली की दहा वर्षं बाहेर पडणारच नाही. वर्षाने परत फिरता येत असेल तर चित्र बदलतं. हात बसला नाही तर ती 20,000 च्या कामाला लागते, म्हणजे पुढची तूट शून्य. हात बसला तर महिन्याला 16,000 जास्त, नऊ वर्षांचे 17,28,000. त्याचे 30 टक्के 5,18,400. त्यातून पहिल्या वर्षाचे 96,000 वजा केले तरी 4,22,400 फायद्यात. उणे 1,82,400 पासून अधिक 4,22,400 पर्यंतचं अंतर आहे 6,04,800. नोकरी तीच, पगार तोच. फक्त परत फिरायच्या सोयीची ही किंमत आहे. आणि 96,000 हा तिचा इसार.

याच्या पुढची गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. शक्यता 30 वरून 15 टक्क्यांवर आणा, पण जमलं तर पगार 36,000 ऐवजी 60,000 धरा. सरासरी तीच राहते, 19,200. अनिश्चितता मात्र वाढली. आता फायद्याची बाजू 15 टक्के गुणिले 40,000 गुणिले 108 महिने, म्हणजे 6,48,000 होते. आधीच्या 5,18,400 पेक्षा सव्वा लाखाहून जास्त! कारण साधं आहे: वाईट टोक परत फिरल्याने कापलं जातं, चांगलं टोक मात्र पूर्ण लांबीने आपल्याकडे राहतं. म्हणून बेभरवशाची पण मोठी शक्यता असलेली वाट आधी चाचपावी आणि खात्रीची नंतर धरावी. वयाचा संबंधही इथेच येतो. हात बसल्यावर नऊऐवजी एकच वर्ष उरणार असेल तर पहिल्या उदाहरणात फायदा 57,600 आणि इसार 96,000. सौदा तोट्याचा.

हे सगळं एका खिळ्यावर टांगलेलं आहे: परतीचं दार खरंच उघडं हवं. वर्षाने पतसंस्थेत जागा नाही आणि 15,000 च्या कामावर भागवावं लागलं, तर 70 टक्के शक्यतेने 5,000 ची तूट 108 महिने. म्हणजे 3,78,000 गेले आणि 4,22,400 चे उरले फक्त 44,400. म्हणून पाऊल टाकण्याआधी दाराची चौकशी करायची. भरती दरवर्षी निघते का? वयाची अट काय? टंकलेखनाचं प्रमाणपत्र किंवा एमएससीआयटी झालंय का? हे पाच-सहा हजारांचं काम पावणेचार लाखांचं दार उघडं ठेवू शकतं. हिशेब बिघडायची दुसरी जागा मनात असते. हात बसत नाही हे कळूनही "एवढं केलंय तर अजून एक वर्ष" असं होतं. असं प्रत्येक वर्ष 96,000 चं. म्हणून कोणत्या तारखेला, काय दिसलं तर निघायचं, हे रुजू होण्याआधीच वहीत लिहून ठेवावं.

नुसतं थांबणं म्हणजे पर्याय राखणं नव्हे. कोरडवाहू कापूसवाला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरत नाही, कारण थांबल्याने त्याला खरी माहिती मिळते आणि दुबार पेरणीचं बियाणं वाचतं. ज्या थांबण्यातून नवं काही कळत नाही, त्याला पर्याय-मूल्यही नाही. बोटांचे ठसे घेऊन मुलाचं करिअर सांगणाऱ्या चाचण्या याच कारणाने टाकाऊ आहेत. त्यांना वैज्ञानिक आधार नाही, त्यातून माहिती येत नाही आणि पालकांचे हजारो रुपये मात्र जातात. पत्रिका बघून शाखा ठरवण्याचंही तेच.

एमपीएससीची तयारी या कसोटीवर घासून बघा. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा 38 आहे, त्यामुळे दार दिसायला फार काळ उघडं दिसतं. पण पुण्यात खोली, मेस आणि अभ्यासिकेचे महिना 10,000 धरले आणि सुटलेला 20,000 पगार धरला, तर या दाराचं भाडं वर्षाला 3,60,000 पडतं. बदल्यात माहिती काय येते? दर पूर्वपरीक्षेनंतर एक आकडा: आपले गुण आणि आपल्या गटाचा कटऑफ यांतलं अंतर. पेपर दरवर्षी सारखा नसतो, म्हणून नुसते गुण बघून उपयोग नाही, अंतरच बघायचं. पहिल्या वर्षी 30 ने मागे, दुसऱ्या वर्षी 12 ने मागे असेल तर तिसरा प्रयत्न समजण्यासारखा आहे. 30 नंतर 28 आणि मग 31 असेल, तर माहिती केव्हाच येऊन गेली आणि चालू आहे ते फक्त भाडं. तिथून पुढे नोकरी धरून सकाळचे तीन तास अभ्यास केला, तर दार बंद होत नाही. भाडं मात्र 30,000 वरून पुस्तकं आणि टेस्ट सिरीजच्या खर्चावर येतं.